आमची वाटचाल : चढती रेघ, फरक आणि फरसाणाचा अंदाज

आमची फर्म तशी लहानच, सांगलीत, मी आणि माझा मामेभाऊ, दोन लॅपटॉप आणि एक भाड्याची खोली. काम म्हणजे आसपासच्या छोट्या कारखानदारांना पुढच्या काही महिन्यांत किती माल जाईल याचा अंदाज काढून द्यायचा. चार वर्षं झाली. बरेच जण विचारतात की सुरुवात कशी झाली, पण मला त्यापेक्षा २०२३ सालची गोष्ट सांगायचीय, कारण आमचं काम खऱ्या अर्थानं तेव्हा बदललं.

एक फरसाणवाले मालक आमच्याकडे आले. त्यांच्याकडे जुलै २०२० ते जून २०२३ असा ३६ महिन्यांचा हिशोब नीट लिहिलेला होता, दर महिन्याला किती टन माल गाडीत चढला तो. सुरुवातीला महिन्याला ९ टनांच्या आसपास, शेवटी १६ च्या आसपास, म्हणजे रेघ सरळ चढती. आम्ही काय केलं, या विक्रीशी जुळणारी एखादी बाहेरची गोष्ट शोधायला लागलो, आणि देशातल्या यूपीआय व्यवहारांचा महिन्यावार आकडा घेतला. विचार असा की छोट्या दुकानांत पैसे देणं सोपं झालं की पाकिटं जास्त खपतात. रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसरा सांगणारी रेघ, चालवलं तर आर-स्क्वेअर, म्हणजे विक्रीच्या चढउतारांचा किती भाग त्या रेघेनं पकडला तो आकडा, ०.९४ आला, नातं नुसता योगायोग नाही हे सांगणारी टी-व्हॅल्यू एवढी मोठी की आम्ही दोघं खुर्चीतून उठलोच, आणि त्याच दिवशी रिपोर्ट पाठवून दिला.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरला आम्ही १८, १८.५, १९ टन सांगितले. माल गेला प्रत्येक महिन्याला १५-१६. त्यांचा एक मोठा वितरक सुटला होता, यूपीआय मात्र आपलं वर वरच चाललं होतं, त्या ऑगस्टमध्ये तर महिन्याच्या व्यवहारांची संख्या १००० कोटींच्या पुढे गेली. मालकांनी आमच्या भरवशावर बेसन आणि तेल आगाऊ भरलं होतं आणि दुकानांतून परत आलेला माल खवट झाला. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "तुमचा कागद बघून भरलं हो." ते मला अजून लागतं.

मग आम्ही कागद परत काढला आणि चूक कुठंय ते शोधत बसलो, आणि ती चूक निघाली जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची! इंग्लंडमध्ये यूल नावाच्या संख्याशास्त्रज्ञांनी १९२६ साली दाखवलं होतं की १८६६ ते १९११ या काळात चर्च ऑफ इंग्लंडमध्ये होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांच्यातलं कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे किती सोबत हलतात त्याचं माप, ०.९५ येतं. लग्नं चर्चमध्ये लागली म्हणून कुणी मरत नाही, दोन्ही आकडे त्या काळात उतरत होते एवढंच. दोन गोष्टी एकाच दिशेनं जात असल्या की त्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्यावर सरळ रेघ पडणारच, मग एक फरसाण असो आणि दुसरी काहीही.

हे नीट समजायला स्टेशनरी म्हणजे काय ते समजावं लागतं. सिरीज, म्हणजे महिन्यामागून महिना मांडलेले आकडे, स्टेशनरी आहे म्हणजे तिची सरासरी, तिचा पसरटपणा आणि या महिन्याचं मागच्या महिन्याशी असलेलं नातं, हे तिन्ही काळाप्रमाणे बदलत नाहीत, पहिल्या वर्षाचा तुकडा कापा नाहीतर तिसऱ्या वर्षाचा, स्वभाव तोच. मॉडेल शिकतं ते जुन्या महिन्यांतून, आणि जुन्या महिन्यांची सरासरी उद्याला लागूच होत नसेल तर ते शिकलेलं काही कामाचं नाही. आमच्या सिरीजची "सरासरी" साधारण १२-१३ टन होती, पण गेल्या वर्षभरात विक्री त्या आकड्याच्या जवळपासही फिरकली नव्हती, मग ती सरासरी कशाची?

टी-व्हॅल्यू का फुगते तेही यातच आहे. रिग्रेशन गृहीत धरतं की प्रत्येक महिन्याची चूक स्वतंत्र आहे, म्हणजे ३६ महिने म्हणजे ३६ वेगळ्या साक्षी. चढत्या सिरीजमध्ये तसं नसतं, या महिन्यात मॉडेल कमी पडलं तर पुढच्या महिन्यातही कमीच पडतं, चूक एका बाजूला लांबच लांब राहते. म्हणजे साक्षी ३६ नाहीत, मोजून पाच-सहा आहेत, आणि फॉर्म्युला मात्र ३६ धरून बसतो. हे ओळखायची खूण रिपोर्टमध्येच असते, डर्बिन-वॉटसन नावाचा आकडा. चुका स्वतंत्र असतील तर तो २ च्या आसपास येतो, आमचा ०.६ होता. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या संशोधकांनी १९७४ साली सांगितलंय की आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला की संशय घ्यावा. ०.९४ आणि ०.६ एकाच पानावर छापलेले होते आणि आम्ही फक्त पहिला वाचला.

उपाय म्हणजे फरक घ्यायचा, डिफरन्सिंग. विक्री किती याऐवजी मागच्यापेक्षा किती वाढली हे बघायचं. आम्ही दोन्हीकडचे महिन्या-महिन्याचे फरक काढले आणि ते एकमेकांसमोर मांडले तर नातं गायब, ठिपके चारी बाजूंना विखुरलेले. यूपीआय एखाद्या महिन्यात जास्त उडी मारतं तेव्हा फरसाणही जास्त जातं, असं काही नव्हतंच.

पण फरक कुठला आणि कितीदा, हे आम्ही शिकलो बॉक्स आणि जेंकिन्स या संख्याशास्त्रज्ञांच्या प्रसिद्ध विमानप्रवाशांच्या डेटावर, १९४९ ते १९६०, दर महिन्याला किती हजार आंतरराष्ट्रीय प्रवासी, एकूण १४४ महिने. हा डेटा प्रत्येकानं एकदा हातानं करून बघावा असं मला मनापासून वाटतं. १९४९ मध्ये सगळ्यात वरचा महिना १४८ आणि सगळ्यात खालचा १०४, फरक ४४. १९६० मध्ये ६२२ आणि ३९०, फरक २३२. म्हणजे रेघ चढतेय एवढंच नाही, तिचे हेलकावेही पाचपट झालेत, आणि नुसता फरक घेऊन हे जात नाही. पण भागाकार करून बघा, १४८ भागिले १०४ म्हणजे १.४२ आणि ६२२ भागिले ३९० म्हणजे १.५९, बऱ्यापैकी जवळ. हेलकावा टक्क्यांत चाललाय, म्हणून आधी लॉग घ्यायचा, लॉगनं टक्क्यांचे हेलकावे सारख्या उंचीचे होतात. लॉग आधी, फरक नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही, कारण फरकात उणे आकडे येतात आणि उण्याचा लॉग निघत नाही.

मग सीझन. प्रत्येक महिन्यातून मागच्या वर्षीचा तोच महिना वजा करायचा, म्हणजे उन्हाळ्याची उंची निघून जाते आणि उरते वर्षाची वाढ. आम्हाला वाटलं झालं काम. पण ती वाढ बघा, १९५७ च्या एप्रिलमध्ये ३४८ आणि १९५८ च्या एप्रिलमध्येही ३४८, सप्टेंबर ४०४ आणि ४०४, म्हणजे वाढ शून्य. आणि जानेवारी १९५९ चे ३६० पुढच्या जानेवारीत ४१७, म्हणजे जवळजवळ १६ टक्के. वाढ स्वतःच महिनोन्महिने वर राहते, मग महिनोन्महिने खाली जाते, एका पातळीवर टिकत नाही, म्हणून त्यावर अजून एक साधा फरक. कोडमध्ये एवढंच:

```python
y = np.log(df["tons"])
d = y.diff(12).diff(1).dropna()
```

यात १३ महिने खर्ची पडतात. १४४ मधून १३ गेले तर १३१ उरतात, काही वाटत नाही, पण आमच्या फरसाणाच्या ३६ मधून १३ गेले की २३ उरतात. एवढ्यावर युनिट रूटच्या, म्हणजे सिरीज स्टेशनरी आहे की भरकटती ते तपासणाऱ्या, टेस्टही डळमळीत असतात. आम्ही पायथॉनमधल्या `adfuller` आणि `kpss` अशा दोन टेस्ट चालवतो, आणि दोघांचे प्रश्न उलटे आहेत हे भिंतीवर लिहून ठेवलंय, टेस्टचं मूळ गृहीतक खरं असताना असा निकाल येण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू, पहिल्यात ती लहान आली तर सिरीज स्टेशनरी असण्याच्या बाजूनं, दुसऱ्यात लहान आली तर विरुद्ध. पण २३ आकड्यांवर मी आधी ऑटोकोरिलेशनचं चित्र बघतो, म्हणजे सिरीजचं स्वतःच्याच एक, दोन, तीन महिने मागच्या आकड्यांशी किती नातं आहे ते दांड्यांत काढलेलं. कच्च्या सिरीजचे दांडे हळूहळू उतरत लांबवर जातात, नीट फरक घेतलेल्याचे दोन-तीनमध्येच संपतात.

आणि फरक जास्तही होऊ शकतो. मामेभावानं उत्साहात तिसरा फरक घेतला, ग्राफ अजूनच सपाट दिसत होता म्हणून, तर पहिला दांडा उणे ०.५ च्या जवळ आणि पसरटपणा आधीपेक्षा वाढलेला. कारण सोपं आहे, नुसत्या यादृच्छिक आकड्यांचा फरक घेतला तर प्रत्येक आकडा दोनदा येतो, एकदा अधिक एकदा उणे, म्हणून शेजारचे महिने उलट्या दिशेला ओढले जातात आणि पसरटपणा मोजणारा व्हेरिअन्स दुप्पट होतो. उणे अर्धा दिसला की एक पाऊल मागं घ्यायचं.

विमानाच्या डेटात नसलेली अडचण आपल्याकडे आहे, ती म्हणजे दिवाळी. १२ महिन्यांचा फरक धरतो की ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबरच. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला अधिक श्रावण आला आणि ते गेलं १२ नोव्हेंबरला. फरसाणाच्या गाड्या लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या २० दिवसांत धावतात. २०२२ मध्ये ते वीसच्या वीस दिवस ऑक्टोबरात, २०२३ मध्ये ९ ऑक्टोबरात आणि ११ नोव्हेंबरात. नुसता फरक घेतला तर ऑक्टोबर २०२३ ला विक्री कोसळली आणि नोव्हेंबरला उसळली असं दिसतं, आणि पुढच्या वर्षी नेमकं उलटं, आणि यातलं काहीच खरं नसतं. आम्ही प्रत्येक महिन्यापुढे त्या वीसपैकी किती दिवस पडतात त्याचा रकाना केला, २०२० ला ७ आणि १३, २०२१ ला १७ आणि ३, असा. आणि विक्रीचा जो फरक घेतला तोच या रकान्याचाही घेतला, हे विसरलं तर सगळं फुकट.

शेवटी अंदाज परत टनांत आणताना फरक उलटे जोडत जायचे आणि मग लॉग उलटा करायचा, आणि इथं लोकांना सांगायला अवघड गोष्ट येते. जोडत गेलं की चुकाही जोडल्या जातात. एकच साधा फरक घेतलेल्या सिरीजमध्ये, बाकी काही नसेल तर, पहिल्या महिन्याला अधिक-उणे १ टन असेल तर चौथ्या महिन्याला २ आणि नवव्या महिन्याला ३. जुन्या रिग्रेशनचा अधिक-उण्याचा पट्टा असा पसरत नव्हता, वर्षभर पुढेही तो अरुंदच राहायचा, आणि मालकांनी बेसन भरलं ते त्या अरुंद पट्ट्यावर विश्वास ठेवून.

तेच मालक २०२४ च्या जूनमध्ये परत आले, याचं मला फार समाधान आहे. म्हणाले, "दिवाळीचा आकडा आत्ताच पाहिजे, आणि एकच सांगा." आम्ही एक सांगितला नाही, खालचा आणि वरचा असे दोन सांगितले आणि पट्टा एवढा रुंद का ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि छापील पाऊचचे रोल वरच्या आकड्याप्रमाणे सांगितले, कारण ते पडून राहिले तरी खराब होत नाहीत, आणि बेसन-तेल खालच्या आकड्याप्रमाणे, बाकीचं सप्टेंबरमध्ये नवा आकडा आल्यावर.