संकष्टी आणि लेंटचा शुक्रवार, एकाच दिवशी

आज शुक्रवार, त्यात संकष्टी, त्यात माझा नवरा ख्रिस्ती, ह्यांचं लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ चालू. म्हणजे मालवणच्या आमच्या छोट्या घरात आज दोन उपास, आणि दोघांचे नियम एकदम उलटे. माझ्या उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, वरी चालते, मासा बिलकुल नाही. ह्यांचं आज मटण-चिकन बंद, पण मासा चालतो, लेंटच्या शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, मासे त्यात धरत नाहीत. खऱ्या अर्थाने उपास, म्हणजे दिवसात एकदाच पोटभर जेवण आणि बाकी दोन वेळा थोडंसंच, असे सक्तीचे दिवस त्यांचे दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे.

हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माझी संकष्टी असली की मी दोघांसाठी साबुदाण्याची खिचडी करायची, वाटायचं एकाच घरात दोन स्वयंपाक कशाला, आणि हे गपचूप खायचे. मी "चालेल ना?" म्हणायचे आणि हे "चालेल" म्हणायचे. मग एका संकष्टीला संध्याकाळी हे बाहेरून आले आणि मला पाण्याचा तांब्या दिला तेव्हा हाताला लिंबाचा वास आला, नुसता लिंबाचा नाही, खाली बांगड्याचाही. मित्राकडे जेवून लिंबाची साल हाताला घासून आले होते. मला राग नाही आला, पण घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आपल्या नवऱ्याला मासे लपून खावे लागतात, आणि तेही मी एका शब्दाने मना केलेलं नसताना.

त्या रात्री बोललो. मी म्हटलं सांगायचं ना. हे म्हणाले, "तुजो उपास, मी कसो मध्ये बोलू?" आणि तेव्हा मला कळलं की आमच्या घरात दबाव कुणी ओरडून टाकत नव्हतं, तो त्या "चालेल ना" मध्येच होता. ज्या प्रश्नाला "नाही" म्हणायला माणसाला वाईट वाटतं तो प्रश्नच नव्हे. आता मी विचारते, "तुम्ही आज काय खाणार?" आणि हे नाव घेऊन सांगतात, बांगडा, सुरमई, नाहीतर नुसती डाळ.

मग बाकीचं सोपं झालं. जानेवारीत कालनिर्णय घेऊन बसतो, माझ्या संकष्ट्या, श्रावणी सोमवार, त्यांचा राखेचा बुधवार, सगळं पेनाने मारून ठेवतो. ज्याचा उपास त्याने आपलं आपण करायचं. साबुदाणा मीच रात्री भिजवते, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवायचं, जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो. हे मागच्या पडवीत वेगळ्या तव्यावर मासा तळतात, तवा घासून खुंटीला टांगतात. तव्याची कल्पना त्यांची, मी मागितली नव्हती. वास घरात येतो, येऊ दे, उपास माझ्या तोंडाचा आहे, त्यांच्या तव्याचा नाही.

माझ्या आईला पटायला वेळ लागला. गणपतीत हे माहेरी येतात, आरतीला उभे राहतात, टाळ वाजवतात, पण तीर्थ घेत नाहीत. पहिल्या वर्षी आईने हात पुढे केला तसाच ठेवला, सगळे बघायला लागले. मी नंतर आईला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की मीसुद्धा त्यांच्याबरोबर चर्चला जाते, मिस्साला बसते, पण सगळे रांगेत प्रसाद घ्यायला उठतात तेव्हा मी बाकावरच असते, तो ज्यांनी बाप्तिस्मा घेतलाय त्यांच्यासाठी असतो, आणि तिथे मला कुणी ढकलत नाही. आई काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने त्यांना तीर्थ न विचारता सरळ पानावर मोदक वाढला, जास्तीचं तूप घालून.

एका गोष्टीत मात्र हे गप्प बसत नाहीत. मागे मला ताप होता आणि डॉक्टरांनी गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांगितल्या होत्या, तरी मी संकष्टी धरली. हे "उपास सोड" म्हणाले नाहीत, केळं आणि दूध समोर ठेवलं आणि म्हणाले, "ह्या तुझ्या उपासाक चलता मां? खा, मगे गोळी घे." खाल्लं. माझ्या नियमाच्या आतली वाट त्यांनी शोधून दिली होती.

आज चंद्रोदय रात्री उशिरा. ह्यांचं साडेआठला जेवून झालं, आज त्यांनी बांगडा तळला होता. मला सोबत म्हणून नुसते बसलेत, कालनिर्णयातली वेळ दोनदा बघून झाली. मोदक वाफेवर आहेत. उद्या शनिवार, मटण आणणार म्हणतायत, शनिवार मी करत नाही, वाटण मीच वाटणार.