पाच अँपिअरची मोटर दहा अँपिअरच्या पुरवठ्यावर सुरू का होत नव्हती

एका छोट्या वाहक पट्ट्यासाठी मी कायमचुंबकी, कार्बन ब्रश असलेली डीसी मोटर घेतली होती. तिच्या पाटीवर २४ व्होल्ट, ५ अँपिअर आणि मिनिटाला ३००० फेरे असे लिहिलेले होते. त्यासाठी २४ व्होल्टचा, १० अँपिअर देऊ शकणारा एसएमपीएस पुरेसा ठरायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र बटण दाबले की मोटरचा शाफ्ट जेमतेम हलायचा, एसएमपीएसचा दिवा विझायचा, क्षणभराने पुन्हा लागायचा आणि तेच चक्र चालू राहायचे. जादा प्रवाह दिसताच पुरवठा तोडायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, ही अशा पुरवठ्याची नेहमीची संरक्षण-पद्धत असते. म्हणजे पाच अँपिअरची मोटर सुरुवातीला दहापेक्षा जास्त अँपिअर मागत होती. ती नक्की किती मागते आणि ही मागणी पुढे कशामुळे घटते, हे मोजून पाहायचे मी ठरवले.

पहिले मोजमाप आर्मेचरच्या रोधाचे होते. मल्टिमीटर थेट ब्रशच्या टोकांना लावला, तर इतक्या लहान रोधासाठी येणारे आकडे भरवशाचे नसतात. म्हणून मी शाफ्ट पकडीत घट्ट धरला, बदलत्या व्होल्टेजच्या पुरवठ्यातून २ अँपिअर सोडले आणि मोटरच्या टोकांवरचे व्होल्टेज वाचले. ते साधारण १.२ व्होल्ट भरले, म्हणजे रोध ०.६ ओहम. शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा धरला की ब्रशखाली कम्युटेटरच्या वेगळ्या पट्ट्या येतात आणि आकडा किंचित बदलतो. त्यामुळे वेगवेगळ्या स्थितींमधली सरासरीच खरी धरावी.

दुसरे मोजमाप मला जास्त रंजक वाटले. मोटरला कोणताही पुरवठा न जोडता तिचा शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये धरून फिरवला आणि टोकांवर नुसता व्होल्टमीटर लावला. मिनिटाला १००० फेऱ्यांना ७ व्होल्ट आणि २००० फेऱ्यांना १४ व्होल्ट मिळाले. चुंबकाच्या क्षेत्रात आर्मेचरच्या तारा फिरल्या की त्यांच्यात व्होल्टेज निर्माण होणारच. मग शाफ्ट ड्रिलने फिरवलेला असो की मोटरच्या स्वतःच्या बळाने, तारांना त्याने फरक पडत नाही. मोटर म्हणून चालताना हेच व्होल्टेज पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने उभे राहते, आणि त्यालाच बॅक ईएमएफ म्हणतात.

या दोन आकड्यांवरून पुढचा सगळा हिशेब सुटतो, कारण स्थिर झालेला आर्मेचर-प्रवाह एवढ्यानेच ठरतो:

```
I = (V − E) / R
```

येथे `V` हे पुरवठ्याचे व्होल्टेज, `E` हे बॅक ईएमएफ आणि `R` हा आर्मेचरचा रोध. शाफ्ट थांबलेला असताना `E` शून्य असते, म्हणून २४ भागिले ०.६ असा ४० अँपिअरचा प्रवाह वाहू पाहतो. मिनिटाला १००० फेऱ्यांना उरलेले व्होल्टेज १७ आणि प्रवाह २८ अँपिअर होतो. २००० फेऱ्यांना तो १७ अँपिअरच्या आसपास येतो, आणि ३००० फेऱ्यांना बॅक ईएमएफ २१ व्होल्टवर पोहोचल्यामुळे उरलेल्या ३ व्होल्टमधून नेमके पाटीवरचे ५ अँपिअर मिळतात. पाटीवरचा प्रवाह हा फिरत्या मोटरचा प्रवाह आहे, थांबलेल्या मोटरचा नव्हे.

हा हिशेब तपासण्यासाठी मी एक साधा प्रयोग केला. पट्टा सोडवून ठेवला, मोकळी मोटर ड्रिलने तिच्याच फिरण्याच्या दिशेने मिनिटाला २७०० फेऱ्यांपर्यंत नेली आणि मग त्याच एसएमपीएसचे बटण दाबले. त्या वेगाला बॅक ईएमएफ १८.९ व्होल्ट असते, म्हणून प्रवाह साडेआठ अँपिअरच्या वर जाण्याचे कारणच नव्हते. एसएमपीएस एकदाही तुटला नाही. (हा प्रयोग करताना ध्रुवता आधी तपासावी. मोटर उलट दिशेने फिरत असेल तर बॅक ईएमएफ पुरवठ्यात मिसळते आणि प्रवाह ४० अँपिअरच्याही बराच पुढे जातो; ब्रशखाली ठिणग्या उडतात आणि कायमचुंबकांची शक्ती उतरण्याचा धोका असतो.)

सुरुवातीचा प्रवाह डोळ्यांनी पाहण्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडल्या आणि शंटवर ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर प्रवाह काही मिलिसेकंदांत ३२ अँपिअरपर्यंत चढला आणि तेथून वेग वाढेल तसा वक्राकार उतरत गेला. तो ४० पर्यंत पोहोचला नाही, कारण बॅटऱ्यांचा आणि तारांचा मिळून सुमारे ०.१ ओहमचा रोध मध्ये येतो. शिवाय आर्मेचरच्या इंडक्टन्समुळे प्रवाह चढायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात शाफ्ट थोडा वेग घेऊन बसतो.

आता उपायाकडे. जुना मार्ग म्हणजे मोटरच्या एकसरीत रोध घालायचा आणि वेग आल्यावर तो रिलेने बगल देऊन काढायचा. २.२ ओहमचा रोध घातला की एकूण २.८ ओहम होतात आणि सुरुवातीचा प्रवाह साडेआठ अँपिअरवर अडतो. मोकळ्या मोटरला हे छान जमले. पट्टा भारासह चालवला तेव्हा मात्र या मार्गाची मर्यादा उघडी पडली. भाराला ५ अँपिअरइतका टॉर्क सतत लागतो आणि ५ अँपिअरला २.८ ओहमवर १४ व्होल्ट खर्च होतात. त्यामुळे बॅक ईएमएफ १० व्होल्टच्या पुढे जाऊच शकत नाही आणि वेग मिनिटाला १४३० फेऱ्यांच्या आसपास अडून राहतो. कितीही वाट पाहिली तरी तो वाढणार नाही. त्या क्षणी रोध काढला तर उरलेले १४ व्होल्ट ०.६ ओहमवर पडून २३ अँपिअर वाहतात, म्हणजे एसएमपीएस पुन्हा तुटतो. हा मार्ग टिकवायचा तर रोध दोन-तीन टप्प्यांत काढावा लागतो, आणि एवढ्या लहान यंत्रासाठी तो पसारा मला पटला नाही.

शेवटी प्रवाहावर मर्यादा ठेवणारा पीडब्ल्यूएम ड्रायव्हर लावला आणि मर्यादा ८ अँपिअरवर ठेवली. हा ड्रायव्हर बॅक ईएमएफच्या पुढे ४.८ व्होल्टचेच अंतर राखतो: थांबलेल्या मोटरला सरासरी ४.८ व्होल्ट, १००० फेऱ्यांना ११.८ व्होल्ट, याप्रमाणे. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आर्मेचरमध्ये ८ अँपिअर वाहत असले, तरी सुरुवातीला ड्रायव्हर एकूण वेळेच्या फक्त पाचव्या हिश्श्यात पुरवठा जोडतो, म्हणून एसएमपीएसमधून सरासरी १.६ अँपिअरच घेतले जातात. बाकीच्या काळात तोच प्रवाह आर्मेचरमधून फ्रीव्हीलिंगच्या वाटेने फिरत राहतो.

भारासहित पट्टा सेकंदाच्या आतच वेग घेतो. मिनिटाला साधारण २७४० फेऱ्यांपर्यंत प्रवाह ८ अँपिअरवर सपाट राहतो. तेथे बॅक ईएमएफ १९.२ व्होल्ट होते, ड्रायव्हरकडे द्यायला पूर्ण २४ व्होल्टच उरतात, आणि त्यापुढे प्रवाह आपोआप ५ अँपिअरकडे उतरतो. पट्टा अडकला तर मात्र बॅक ईएमएफ मदतीला येत नाही. ८ अँपिअर थांबलेल्या आर्मेचरमध्ये सुमारे ३८ वॅट उष्णता ओतत राहतात आणि तीही ब्रशखालच्या त्याच पट्ट्यांवरून. म्हणून बटण दाबल्यापासून दोन सेकंदांत वेग आला नाही, तर पुरवठा तोडणारा टायमर मी सोबत जोडला आहे.