मिनिटाला एक चमचा

मुलगा आठ वर्षांचा, वजन २४ किलो. रात्री अकरापासून उलट्या सुरू. सकाळी कळव्यातल्या आमच्या दवाखान्यात आणला तेव्हा ही सातवी की आठवी, यावर आई आणि आजीचं एकमत होत नव्हतं. जुलाब अजून फक्त दोन झाले होते. जुलैचा पाऊस, बिल्डिंगमधल्या आणखी दोन घरांत हाच त्रास. निदान अवघड नव्हतं, पोटाचा संसर्ग. अवघड होतं ते, काहीच पोटात राहत नाही ही घरच्यांची खात्री मोडणं.

"उपाशी नाही ठेवला हो डॉक्टर, सगळं देऊन पाहिलं," आजी म्हणाल्या. सगळं म्हणजे काय ते मी नेहमी वेळेसकट विचारतो, कारण बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं. रात्री ग्लासभर लिंबू सरबत. पहाटे ओआरएसचं एक पाकीट, तेही एका ग्लासात. मग ढेकर येऊन मोकळं वाटेल म्हणून कोल्ड्रिंक. सकाळी अंगात ताकद यावी म्हणून दूध-बिस्किटं. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांत सगळं बाहेर.

पोरगा मलूल होता, पण विचारलेल्याला उत्तर देत होता आणि सारखं पाणी मागत होता. जीभ कोरडी, डोळे किंचित आत गेलेले, पहाटे चारनंतर लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जात होती. पोट मऊ, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखत नव्हतं. उलटीत हिरवं पित्त किंवा रक्त नव्हतं. म्हणजे पाणी कमी झालं होतं, पण तोंडाने भरून काढता येईल एवढंच. तोंडाला मात्र पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. असा वास आला की मी बोटाची साखर तपासल्याशिवाय पुढे जात नाही, कारण लहान मुलातला नवा मधुमेहही कधी कधी नुसत्या उलट्यांच्या रूपात समोर येतो. साखर ७६ निघाली. म्हणजे हा उपाशीपणाचा वास होता. पोटात काही टिकत नाही तेव्हा शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि कीटोन वाढले की मळमळ आणखी वाढते. मळमळतंय म्हणून खाता येत नाही, आणि खाल्लं नाही म्हणून मळमळतं. हे चक्र तोडायला थोडी साखर आत जावी लागते. थोडीच.

त्यांनी दिलेल्या चारही गोष्टींत दोन चुका होत्या. पहिली, एका वेळी ग्लासभर. या आजारात जठर पुढे ढकलण्याचं काम मंदावतं. त्यात दोनशे मिली एकदम ओतलं की जठर ताणलं जातं आणि तो ताणच उलटीला निमित्त होतो. ग्लासात अगदी योग्य पेय असतं तरी हेच झालं असतं. दुसरी चूक घट्टपणाची. बरोबर बनवलेल्या ओआरएसमध्ये शंभर मिलीला साधारण १.३५ ग्रॅम ग्लुकोज असतं. कोल्ड्रिंकमध्ये साखर शंभर मिलीला दहा ग्रॅमच्या आसपास जाते. एवढं गोड आतड्यात पोचलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात खेचतं आणि जुलाब वाढतात. आणि पाकिटाचं म्हणाल, तर ते एक लिटरचं होतं. दोनशे मिलीत कालवल्यावर ते पाचपट खारट झालं. ते उलटून पडलं ते बरंच झालं, कारण पोटात राहिलं असतं तर रक्तातलं मीठ वाढून तहान आणि धोका दोन्ही वाढले असते. छोटी पाकिटं दोनशे मिलीची असतात, मोठी लिटरची. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचायचं, आणि त्यात वरून साखर घालायची नाही.

टेट्रापॅकमधल्या फळांच्या चवीच्या पेयांबद्दलही आईने विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूएचओच्या, सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तेव्हा मेडिकलमध्ये मागताना 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' असं छापलेली पावडर मागावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा पाच मिलीचा, औषधाचा. हे पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं.

आजींचं म्हणणं होतं, सलाईन लावून मोकळे व्हा. मला ते पटत नाही, जोवर मूल शुद्धीत आहे आणि चमचा गिळतंय. साध्या सलाईनमध्ये साखरही नसते, त्यामुळे त्या गोड वासाच्या मळमळीला तिचा उपयोग कमी. मी उलटी थांबवणारी, जिभेवर विरघळणारी एक गोळी वजनाप्रमाणे दिली. एकदाच. ती घरी परत परत द्यायची नसते. पंधरा मिनिटं तोंडात काहीही नाही. मग हिशेब मांडला: किलोला ५० मिली ओआरएस, म्हणजे २४ किलोला १२०० मिली, चार तासांत. तासाला ३०० मिली. म्हणजे मिनिटाला पाच मिली, बरोबर एक चमचा.

"एवढ्याशा चमच्याने काय होणार?" आजींचा चेहरा हेच सांगत होता. पण आई बाकावर बसली, मोबाईलवर मिनिटाचा गजर लावला आणि चमचा सुरू केला. पाऊण तासाने ती फोनवर बोलत असताना पोराने बाटली उचलून गटागटा प्यायली आणि पुन्हा उलटी झाली. अशा वेळी बहुतेक जण हात टेकतात. खरं तर उलटीत पडतं ते शेवटच्या काही मिनिटांचं असतं, आधीचं बरंचसं पुढे सरकलेलं असतं. दहा मिनिटं थांबून दोन मिनिटांना एक चमचा, तसा अर्धा तास, मग पुन्हा मिनिटाला एक. दुपारी अडीचपर्यंत साधारण लिटरभर आत गेलं होतं. त्याने लघवी केली, रंग फिका होता, आणि तोंडाचा गोड वास गेला होता. घरी पाठवताना सांगितलं, यापुढे प्रत्येक जुलाबामागे शंभर ते दोनशे मिली ओआरएस, तेही घोट घोट. आठ तास लघवी झाली नाही, मूल पेंगुळलं, हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, किंवा पोटदुखी एकाच जागी ठाण मांडून बसली, तर थेट हॉस्पिटल.

खाण्याचा प्रश्न लगेच आला. पूर्वी अशा वेळी चोवीस तास पोटाला विश्रांती द्यायचे. आता देत नाहीत. आतड्याच्या अस्तराला स्वतःची झीज भरून काढायला अन्नच लागतं, उपाशी ठेवलं की ते सावकाश भरतं. शेवटच्या उलटीला तीन-चार तास झाले आणि मुलाने काही मागितलं की द्यायचं. त्याने संध्याकाळी मागितलं ते खारट काहीतरी. हे मी वारंवार पाहतो: आधी तहान येते, मग खारटाची इच्छा, खरी भूक त्यानंतर, आणि तेलकट-तुपकट नको वाटणं सगळ्यात शेवटी जातं. भाताची पातळ पेज, चिमूटभर मीठ, कोमट. पहिल्यांदा चार चमचे, अर्ध्या तासाने अर्धी वाटी. त्यावर तूप घालायचा आजींचा हात मी आधीच थांबवला होता. चरबीमुळे जठर आणखी हळू रिकामं होतं, आणि पहिल्या दिवशी तेच नको असतं. खमंग फोडणीचा वासही काही मुलांना पुरेसा असतो, त्यामुळे गरम वाफेचं ताट नाकाखाली धरू नये.

दुसऱ्या दिवशी मऊ भात, मुगाच्या डाळीचं साधं वरण, कुस्करलेला बटाटा, पिकलेलं केळं, घट्ट दह्याऐवजी ताक. दर दोन-तीन तासांनी अर्धी वाटी. उलट्या थांबल्या होत्या आणि अपेक्षेप्रमाणे जुलाब वाढले होते. दुपारी आईचा फोन आला: "खाल्लं की लगेच जातंय, आजी म्हणतात बंद करा." पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, निरोगी माणसातही. बाहेर पडतं ते आत्ताचं जेवण नसतं, आधीचं असतं. म्हणून खाणं चालू ठेवायचं, ओआरएसही. जुलाब बंद करायच्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना द्यायच्या नाहीत.

घोळ झाला चौथ्या दिवशी. पोराला कडकडून भूक लागली, घर आनंदलं, आणि सकाळी मोठा ग्लास दूध चॉकलेट पावडर घालून, दुपारी पनीरची भाजी आणि त्यावर बासुंदी. रात्री पोट फुगलं, गुडगुडायला लागलं, पाण्यासारखे फेसाळ जुलाब आणि गुदद्वाराभोवती लाल चट्टा. ताप नाही, उलटी नाही. ही नवी लागण नव्हती. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या अस्तराच्या अगदी टोकावर असतं आणि संसर्गात ते टोकच आधी खरवडलं जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, त्यातून वायू आणि आम्ल. लाल चट्टा त्या आम्लाचा. भूक परतली म्हणजे आतडं पूर्ववत झालं, असं नसतं. बहुतेकांचं दोन आठवड्यांच्या आत सावरतं.

दूध, बासुंदी, आइस्क्रीम आठवडाभर बंद केलं. ताक आणि दही चालू ठेवलं, कारण विरजताना त्यातली काही साखर जीवाणू खाऊन टाकतात. (अंगावर पिणाऱ्या बाळाला हा नियम लावायचा नाही, त्याचं दूध कधीच थांबवू नये.) दीड दिवसात फेस गेला. आठवड्याने दूध परत सुरू केलं ते पाव कप, तेही नाचणीच्या सत्त्वात शिजवून, रिकाम्या पोटी नाही. दोन दिवस काही झालं नाही तेव्हा अर्धा कप.

तपासणीला परत आला तेव्हा वजन २३.४ होतं. पाण्याचं वजन पहिल्या दिवशीच भरून आलं होतं, हे गेलेलं होतं ते खाण्याचं. ते भरायला दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्यायला सांगितलं: चार वाजता मूगडाळीची खिचडी किंवा पोळीचा लाडू, आता तुपासकट. वडापावबद्दल पोराने स्वतः विचारलं. शौच दोन दिवस घट्ट होऊ दे, मग अर्धा, आणि लाल चटणीशिवाय.