आंब्याची साइट, तीन भाऊ आणि एक मेल

पहिला मेल मी 14 जानेवारीला पाठवला होता. 'साइटचे काम जवळपास पूर्ण झाले आहे. उर्वरित मजकूर, फोटो व मंजुरी लवकरात लवकर पाठवावी, ही विनंती.' तीन आठवडे उत्तर नाही. फोन केला की थोरले काका म्हणायचे, "देतो गो, मोहरावर फवारणी चाललीय."

रत्नागिरीत बसून मी साइट बनवते. बहुतेक काम होमस्टेचं, थोडं आंब्याचं. ही साइट पावसच्या बाजूच्या एका बागेची होती. तीन भावांचं एकत्र कुटुंब, हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याला पाठवायच्या, जोडीला काकूंची आंबापोळी आणि कोकम सरबत. माझ्या पैशांचा शेवटचा हप्ता साइट सुरू झाल्यावर मिळणार होता, त्यामुळे अडलेलं काम म्हणजे अडलेला हप्ता. सुरुवातीला मला त्यांचाच राग आला.

मग एका संध्याकाळी माझाच मेल पुन्हा वाचला. 'उर्वरित मजकूर' म्हणजे नक्की कुठला, हे मला ठाऊक होतं, त्यांना कुठून ठाऊक असणार? टेस्ट लिंकवर मी रिकाम्या जागी लॉरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा बिनअर्थाचा लॅटिनसारखा मजकूर, भरून ठेवलं होतं. थोरल्या काकांना वाटलं होतं, ते मी लिहून दिलेलं इंग्रजी आहे. "छान दिसतंय, पण काही समजत नाही," असं ते एकदा म्हणाले होते, आणि मी हसून सोडून दिलं होतं. त्यांच्या दृष्टीने मजकूर भरलेलाच होता! 'मंजुरी' कोणी द्यायची हेही मी लिहिलं नव्हतं. घरात तिघे भाऊ. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने दिली असेल.

दुसरा मेल लिहायला मला जवळजवळ दोन तास लागले. आधी कागदावर साइटचं एकेक पान काढलं आणि जिथे भोक आहे तिथे प्रश्न लिहिला. मग प्रत्येक प्रश्नापुढे घरातल्या एका माणसाचं नातं. आणि जिथे मला अंदाज होता तिथे उत्तरही मीच लिहून टाकलं, कारण कोरा कागद दिला तर काका तो कपाटात ठेवतात, पण चुकीचं लिहिलेलं दाखवलं तर जेवता जेवता दुरुस्त करतात. 6 फेब्रुवारीला हा मेल गेला:

विषय: 4 मार्चला साइट सुरू करण्यासाठी 20 फेब्रुवारीपर्यंत लागणाऱ्या सहा गोष्टी

नमस्कार काका,

पहिल्या पेट्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघतील असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून 4 मार्च धरली आहे. साइट तयार आहे, फक्त या सहा गोष्टी अडल्या आहेत. ऑनलाइन पैसे घेण्याची परवानगी मिळायला काही दिवस जातात, म्हणून 20 तारीख.

1. 'आमची बाग' (तुम्ही). तुम्ही फोनवर सांगितलेलं मी लिहून जोडलं आहे. छापून घ्या, पेनाने दुरुस्त करा आणि कागदाचा फोटो पाठवा. टाइप करायची गरज नाही.

2. खराब फळांचा नियम (मधले काका). मी असं लिहिलं आहे: 'पेटी मिळाल्यापासून 24 तासांत फोटो पाठवल्यास खराब फळांचे पैसे परत.' मान्य नसेल तर तुमचा नियम एका ओळीत सांगा.

3. पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हायचे (तिघांनी ठरवून). खातं ज्यांच्या नावावर, पॅनही त्यांचंच लागेल.

4. आंबापोळी आणि सरबत (काकू). पाकिटाच्या आणि बाटलीच्या मागच्या लेबलचा वाचता येईल असा फोटो. बाकी सगळं मी त्यावरून घेते.

5. चार आडवे फोटो (पुतण्या): बाग, पेटी भरताना, तिघे भाऊ, गेल्या वर्षीची आढी. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

6. शेवटची मंजुरी (फक्त तुम्ही). सगळं पाहून झालं की याच मेलला 'पाहिले, सुरू करा' एवढं उत्तर द्या.

1 आणि 5 वेळेत आलं नाही तर माझाच मजकूर आणि मोहराचा फोटो ठेवून साइट सुरू करू, नंतर बदलता येईल. 4 आलं नाही तर त्या दोन वस्तू तेवढ्या दिसणार नाहीत. 2, 3 आणि 6 शिवाय मात्र साइट सुरू करता येणार नाही.

मेल इथे संपला. शेवटच्या परिच्छेदाने सगळ्यात जास्त काम केलं, असं मला आजही वाटतं. आधी मी सगळंच 'अत्यंत आवश्यक' म्हणायचे, आणि समोरच्याला कुठून सुरुवात करावी तेच कळायचं नाही. इथे कशावाचून चालेल आणि कशावाचून नाही, हे सरळ सांगितलं होतं.

पहिलं उत्तर आलं काकूंचं, दुसऱ्याच दिवशी, तेही पुतण्याच्या फोनवरून. लेबलचा फोटो मागायचं कारण साधं आहे. बंद पाकिटातली खाण्याची वस्तू ऑनलाइन विकायची तर निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक हे सगळं साइटवरही दिसायला हवं. हे एकेक करून विचारलं तर आठ फोन. लेबलवर ते आधीच छापलेलं असतं. बाटलीच्या फोटोत एक गोष्ट लगेच दिसली: क्रमांकात 13 आकडे होते. छापखान्यात एक शून्य गळलं होतं. काकूंनी मूळ प्रमाणपत्र काढून पाहिलं आणि मग उरलेल्या बाटल्यांवर चिकटवायला नवी लेबलं मागवली.

'आमची बाग'चा कागद चार दिवसांनी आला. मी लिहिलं होतं, 'आजोबांनी कातळ फोडून पहिली कलमं लावली.' थोरल्या काकांनी 'आजोबांनी' खोडून 'वडिलांनी' केलं होतं. त्याच्या शेजारी वेगळ्या शाईत मधल्या काकांनी 'आजोबाच' लिहिलं होतं. दोन दिवस घरात हीच चर्चा. शेवटी धाकट्या काकांनी तोडगा काढला: कलमं आजोबांची, विहीर वडिलांची. वाक्य त्यामुळे माझ्यापेक्षा चांगलं झालं. मला नुसता 'माहिती पाठवा' म्हणणारा मेल लिहून हे कधीच मिळालं नसतं.

त्याच कागदाच्या तळाशी काकांनी लिहिलं होतं, 'वर जीआयचा शिक्का टाक.' इथे मला थांबावं लागलं. हापूसला भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. पण बाग रत्नागिरीत आहे म्हणून कोणीही तो शिक्का वापरू शकत नाही. त्यासाठी बागायतदाराची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंदणी लागते. मी उलट मेल केला, एकाच ओळीचा: 'नोंदणीचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा फोटो पाठवा, लगेच शिक्का टाकते, नसेल तर तूर्त नको.' प्रमाणपत्र नव्हतं. अर्ज करायचं त्यांनी ठरवलं आणि शिक्क्याची जागा मी काढून टाकली. रिकामी चौकट ठेवून चालत नाही. ती पाहून कोणीतरी कधीतरी भरतंच.

खराब फळांच्या नियमावर मधल्या काकांनी फोन केला. 24 तास त्यांना कमी वाटले. "अगो, आंबा पेटीत पिकायचा असतो. पेटी उघडली त्या दिवशी हिरवाच असेल. आत काय आहे ते चार-पाच दिवसांनी समजतं. साका असला तर कापल्यावर." मला हे सुचलंच नव्हतं. साका म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग, बाहेरून अजिबात न दिसणारा. मग नियम दोन झाले: वाहतुकीत चेपलेली, फुटलेली फळं असतील तर 24 तासांत फोटो; आतून खराब निघाली तर पेटी मिळाल्यापासून सात दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो. परताव्याचं हे पान, पाठवणीचे नियम, अटी, गोपनीयता आणि संपर्क ही पानं साइटवर दिसत नाहीत तोवर पेमेंट गेटवेवाले खातं मंजूर करत नाहीत. इंटरनेटवरून उतरवलेला नियम टाकला असता तरी ते मंजूर झालं असतं. पण एप्रिलमध्ये सात दिवसांचा पहिला फोन आल्यावर भांडण झालं असतं.

खात्याचा प्रश्न नाजूक होता, म्हणून त्यावर मी एकदाही फोन केला नाही. बाग तिघांच्या नावावर, आंब्याचा हिशेब थोरल्यांच्या वहीत, बँकेचा व्यवहार धाकट्यांकडे. 18 तारखेला धाकट्या काकांचं पॅन आणि रद्द केलेला चेक आला, सोबत 'तिघांना मान्य' अशी ओळ. ती ओळ मी मागितली नव्हती.

फोटोंची गंमत वेगळीच. पुतण्याने आधी सहा फोटो पाठवले, त्यातले दोन भलतेच झकास. इतके झकास की मला शंका आली. एकाच्या कोपऱ्यात अर्धवट कापलेली पुसट अक्षरं होती: गूगलवरून घेतलेला कोणाचा तरी फोटो. तो वापरता येत नाही, आणि मुळात त्या फोटोतलं फळ आपलं नव्हतंच. बाकीचे चार साधे पाठवलेले होते, म्हणजे व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेले. पहिल्या पानाच्या पट्टीला मला 1920 पिक्सेल रुंदी लागते; हे ताणले की पानं तेलकट दिसायची. बागेत रेंज नाही, मूळ फाइल चढेना. शेवटी तो रत्नागिरीला खत न्यायला आला तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन आला. आढीचा फोटो मात्र गेल्या वर्षी कोणी काढलाच नव्हता, आणि फेब्रुवारीत आढी आणायची कुठून? तिथे मोहर ठेवला.

मंजुरी 3 मार्चच्या रात्री आली. त्याआधी मधल्या काकांचा फोन येऊन गेला होता, "आम्हाला पसंत आहे, कर चालू." मी नम्रपणे सांगितलं, थोरल्या काकांचा मेल येऊ दे. त्यांना थोडा राग आला असावा. पण मागे एका होमस्टेच्या वेळी फोनवरच्या 'चालेल'वर मी साइट सुरू केली होती, आणि दुसऱ्या दिवशी खोलीचे भाव गेल्या वर्षीचे निघाले. तेव्हा कोण 'चालेल' म्हणालं, ते कोणालाच आठवेना.

थोरल्या काकांचं उत्तर असं होतं: 'पाहिले, सुरू करा. डझनाचा भाव उद्या सकाळी सांगतो, तो आज कोणीच सांगू शकत नाही.' भाव बदलायची चौकट मी पुतण्याला शिकवून ठेवली होतीच. 4 मार्चला सकाळी साडेनऊला त्याने भाव भरला आणि साइट उघडली.

एप्रिलमध्ये आढीचा फोटो आला. गवतात ओळीने मांडलेले आंबे, खिडकीतून आलेलं ऊन, अगदी हवा होता तसा. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवला होता, पूर्ण आकारात. फक्त उभा.