घसरणारी मुलगी

एका गोष्टीच्या व्हिडिओचं काम होतं. चित्रं तयार होती, मला फक्त ती हलवायची होती. म्हणजे पात्रांचं ॲनिमेशन नाही. चित्राचे थर सुटे करायचे, ते आफ्टर इफेक्ट्समध्ये कमीजास्त अंतरावर उभे करायचे आणि कॅमेरा बाजूला सरकवायचा. जवळचा थर जास्त सरकतो, लांबचा कमी, आणि सपाट चित्राला खोली आल्यासारखी वाटते. असे शॉट मी ढिगाने केलेत, त्यामुळे आठ सेकंदांचा हा शॉट दुपारपर्यंत उरकेल असा माझा हिशेब होता.

चित्रात रात्रीची पायवाट होती. वाटेवर कंदील घेतलेली मुलगी, मागे एक झाड, त्यामागे डोंगर, पुढ्यात गवत. मी सगळं कापलं. मुलीच्या मागे जी जागा मोकळी पडली तिथली जमीन आणि डोंगर रंगवून भरले. थरांची अंतरं नेहमीसारखी अंदाजाने दिली: मुलगी शून्यावर, जमीन तिच्या जरा मागे १००० वर, डोंगर बराच मागे. कॅमेरा मध्यापासून ४० पिक्सेल डावीकडे सुरू होऊन ४० पिक्सेल उजवीकडे थांबत होता. चित्र जसं काढलंय तसं ते शॉटच्या मधोमध दिसतं, त्यामुळे दोन्ही टोकांना बिघाड निम्माच होतो. रंगवून भरायची भोकंही बारीक राहतात.

रेंडर करून चित्रकार ताईंना पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

"अरे, माझी मुलगी घसरतेय."

"कुठे घसरतेय? उभी आहे की."

"बर्फावर उभी आहे. पायाशी बघ."

पायाशी बघितलं. बुटाच्या टोकाशी एक पांढरा खडा रंगवलेला होता. शॉट सुरू होताना तो टोकाच्या एका बाजूला होता, संपताना दुसऱ्या. गणित मांडलं तर त्यात आश्चर्य काहीच नव्हतं. माझ्या ५० मिलिमीटर लेन्सच्या कॅमेऱ्यापासून शून्यावरचा थर २६६७ पिक्सेल लांब असतो. कॅमेरा ८० सरकला की मुलगीही पडद्यावर ८० सरकते. १००० मागे असलेली जमीन मात्र ८० गुणिले २६६७ भागिले ३६६७, म्हणजे ५८ च सरकते. फरक २२ पिक्सेलचा, आणि बूट होता ४० पिक्सेल रुंद.

आधी सोपा उपाय केला: जमीन पुढे ओढून मुलीच्याच अंतरावर आणली. पाय टेकले, पण आता झाड घसरायला लागलं आणि जमिनीची वरची कड डोंगराखालून सरपटत जाताना दिसायला लागली. तेव्हा खरी भानगड लक्षात आली. जमीन कुठल्याच एका अंतरावर नसते. पायाशी ती मुलीइतकी जवळ असते आणि क्षितिजाशी पार लांब. तिला उभ्या पुठ्ठ्यासारखी एकाच जागी ठोकली की कुणाचे ना कुणाचे पाय सुटणारच.

मग जमिनीच्या आडव्या पट्ट्या कापायच्या ठरवल्या. प्रत्येक पट्टीला किती अंतर द्यायचं हे काढायला कागद घेतला आणि तिथेच थांबलो. सपाट जमिनीवर एखादी जागा क्षितिजाच्या जितकी खाली दिसते, तितकी ती जवळ असते. दुप्पट खाली असेल तर अंतर निम्मं. सरकण्याचंही तसंच असतं, अंतर निम्मं झालं की सरकणं दुप्पट. दोन्ही एकत्र ठेवा: क्षितिजाच्या दुप्पट खाली असलेली जागा दुप्पट सरकते, तिप्पट खालची तिप्पट. म्हणजे क्षितिज जागेवर, आणि तिथून खाली येताना सरकणं एकसारखं वाढत जातं. पत्त्यांच्या जुडीला बाजूने तिरकं ढकललं की असंच होतं. हे तर साधं स्क्यू! पट्ट्या कापायची गरजच नव्हती.

चित्रात क्षितिज वरून ४४० पिक्सेलवर होतं, मुलीचे पाय ८४० वर. म्हणजे ४०० खाली. जमिनीचा थर थ्रीडीतून काढून साधा केला, त्याला ट्रान्सफॉर्म इफेक्ट लावला, त्याचा अँकर आणि पोझिशन दोन्ही क्षितिजरेषेवरच्या एकाच बिंदूवर ठेवले आणि स्क्यूला हे जोडलं, यात ९६० म्हणजे फ्रेमचा आडवा मध्य:

```
dx = thisComp.layer("Camera 1").transform.position[0] - 960;
radiansToDegrees(Math.atan(dx / 400))
```

जमीन उलट्या दिशेला कलली तर पुढे उणे चिन्ह टाकायचं, बाकी काही नाही. कॅमेरा मात्र वन-नोडच हवा. टू-नोड कॅमेऱ्याची नुसती पोझिशन हलवली तर तो सरकता सरकता वळतोही, आणि मग हा हिशेब लागू पडत नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट फुकट मिळाली. जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूचं अंतर तिचा पायाच सांगतो. झाडाचं बूड ६४० वर, म्हणजे क्षितिजाच्या २०० खाली, मुलीच्या निम्म्यावर. मग झाड कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब, झेड २६६७, आणि मूळ जागी दिसावं म्हणून आकारही दुप्पट. (सगळे थर पूर्ण कागदाच्या मापाचे आणि मध्यावर धरलेले असतील तरच ते वाढवल्यावर जागेवर बसतात.) डोंगराचा पायथा १०० खाली, म्हणून तो चौपट लांब, झेड ८०००. इतकी वर्षं मी हे आकडे डोळ्यांनी बघून, मागेपुढे करत बसवत होतो.

दुसरं रेंडर पाठवलं. खडा बुटाला चिकटून होता, शेवटच्या फ्रेमपर्यंत. फोन आलाच.

"पाय टेकले. पण तो मैलाचा दगड का झुकतोय?"

मैलाचा दगड मी कापलाच नव्हता. लहानसा होता, राहू दे जमिनीवर, असं म्हणून सोडला होता. स्क्यूला काय माहीत की तो उभा आहे? त्याच्या लेखी तोही जमिनीवरचा डागच. शॉटच्या सुरुवातीला दगड एका बाजूला साडेपाच अंशांहून जास्त कललेला आणि शेवटी तेवढाच दुसऱ्या बाजूला, एखादा म्हातारा मान डोलावतोय तसा. गवताचे तीन झुबकेही तेच करत होते, पण गवत डुललं तर कुणी हरकत घेत नाही. दगडाला ती सवलत नाही. तो कापला, खालची जागा रंगवली, बूड ७४० वर म्हणजे ३०० खाली, झेड ८८९, आकार १३३ टक्के. सरळ उभा राहिला. झुबकेही मग कापूनच टाकले, मला राहवेना.

संध्याकाळी दिग्दर्शकाने शॉट बघितला. आवडला. म्हणाला, "शेवटच्या दोन सेकंदांत कॅमेरा जरा पुढे घेऊ या का, कंदिलाकडे?"

स्क्यूची युक्ती नेमकी इथे संपते. कॅमेरा आडवा सरकतोय तोवरच जमीन अशी तिरकी होते. तो पुढे गेला की पायाजवळची जमीन झपाट्याने मोठी होते आणि क्षितिजाजवळची जवळपास तशीच राहते, ते कुठल्याही स्क्यूने जमत नाही. त्यासाठी जमीन खरोखर आडवी अंथरून तिच्यावर कॅमेऱ्याच्या जागेवरून चित्र प्रोजेक्ट करावं लागतं. ब्लेंडरमध्ये ते होतं, पण सगळा सीन तिकडे नव्याने मांडायचा म्हणजे आणखी एक दिवस.

"उद्या संध्याकाळपर्यंत देतो," मी म्हणालो आणि जमिनीचा थर ब्लेंडरसाठी एक्स्पोर्टला लावला.