एकाच देशमुखांचे दोन देशमुख झाले तेव्हा

माझा प्रबंध यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांच्या कर्जाविषयी, इंग्रजीत. सुरुवातीला संदर्भ हातानंच टाइप करत होते. तिसरं प्रकरण वाचून सर एवढंच म्हणाले, "यात तीन पद्धती आहेत. तुझी कोणती ते ठरव." ठरली संदर्भ द्यायची एपीए पद्धत, सातवी आवृत्ती.

मग संदर्भ साठवून वर्डमध्ये घालून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, आणि नेट नसलं तरी लॅपटॉपवर चालतं. आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही जातो, त्यामुळे ते बरं पडलं. लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा ठरलेला ओळख क्रमांक, टाकला की माहिती आपोआप भरायची. सरकारी अहवाल मात्र हातानं भरले आणि यादीत `Maharashtra, G. of` असं छापून आलं. शासनाचंही आडनाव निघालं! लेखकाच्या रकान्याशेजारच्या बटणानं दोन चौकटींची एक केली, त्यात संस्थेचं पूर्ण नाव लिहिलं आणि ते मिटलं.

खरी गंमत पाचही प्रकरणं एका फाइलमध्ये चिकटवल्यावर झाली. तोवर दुसऱ्या प्रकरणात `(Deshmukh, 2011)` होतं आणि चौथ्यातही तेच. एकत्र आल्यावर एकीकडे `(S. Deshmukh, 2011)` आणि दुसरीकडे `(S. B. Deshmukh, 2011)` दिसू लागलं. धाकटा भाऊ मागून वाचत होता. "काहून ताई, हे दोघं भाऊभाऊ हायेत का?"

दोघं नव्हते, एकच होते. एका लेखात नाव एस., दुसऱ्यात एस. बी. भरलं गेलं होतं. एकाच आडनावाचे दोन लेखक असतील तर एपीए आद्याक्षरं जोडून त्यांना वेगळं करते, आणि झोटेरोनं तेच केलं. वर्डमध्ये दुरुस्त करून उपयोग नव्हता. झोटेरोच्या लायब्ररीत दोन्हीकडे एस. बी. केलं, वर्डमध्ये रिफ्रेश दाबलं. आद्याक्षरं गेली, पण आता एकाच लेखकाचे एकाच वर्षीचे दोन लेख म्हणून `2011a` आणि `2011b` आले. ही अक्षरं सगळा प्रबंध एका फाइलमध्ये असेल तरच बरोबर पडतात. प्रकरणं वेगळी ठेवली असती तर वाचणाऱ्याला दोन लेखांतला कोणता ते कळलंच नसतं.

एक जागा तरीही बदलेना. तिथं मी कधीतरी कंसात घुसून पानाचा आकडा हातानं टाइप केला होता. तेव्हा झोटेरोनं विचारलं होतं, हा बदल ठेवायचा का, पुढे आपोआप सुधारणा होणार नाही. मी न वाचताच हो म्हटलं होतं. तो संदर्भ काढून पुन्हा घातला आणि पान त्याच्याच रकान्यात लिहिलं.

सर्वांत शेवटी फाइलची प्रत काढून फक्त त्या प्रतीतले झोटेरोशी असलेले दुवे तोडले आणि ती छपाईला दिली. मूळ फाइल तशीच जिवंत ठेवली, कारण सरांनी आणखी दोन लेख सुचवून ठेवलेत.