दिवे घाटातली गायब झालेली उजवी वळणं

दिवे घाटाचा रस्ता गेमसाठी बनवायला घेतला तेव्हा वाटलं होतं, शनिवार-रविवारात उरकेल. मध्यरेषेची वक्र रेघ म्हणजे स्प्लाइन आखली, दर मीटरला सात मीटर रुंदीचा आडवा छेद ठेवला आणि छेद जोडून मेश काढली. दुपारच्या चहाआधी डावी वळणं झकास दिसत होती. उजवी मात्र गायब.

दोन दिवस मी मेशमधल्या त्रिकोणांच्या शिरोबिंदूंच्या क्रमावर संशय घेत बसलो. क्रम उलटा केला, तर उजवी वळणं उगवली आणि डावी गेली! शेवटी शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "अरे, कॅमेरा रस्त्याखाली नेऊन बघ की." नेला. रस्ता तिथेच होता, पालथा पडलेला. मेशची मागची बाजू रंगवली जात नाही, म्हणून वरून दिसत नव्हता. दोन वळणांच्या सांध्यावर त्याला चॉकलेटच्या कागदासारखा पीळ पडला होता.

चूक माझीच. आडवी दिशा मी वक्रतेवरून काढली होती, म्हणजे फ्रेने फ्रेम. ती दिशा कायम वळणाच्या आत बघते. डावं वळण संपून उजवं सुरू झालं की ती एकदम दुसऱ्या बाजूला उडी मारते आणि रस्ता पालथा होतो. सरळ पट्ट्यावर तर वक्रताच शून्य, त्यामुळे दिशाच ठरत नाही. रस्त्याला आकाश कुठे आहे ते माहीत असतं, मग तेच वापरायचं:

```
right  = normalize(cross(worldUp, tangent))
normal = cross(tangent, right)
```

पाइपला हे चालत नाही. तो उभा चढला की `cross` शून्य होतो. तिथे पहिली फ्रेम धरून, स्पर्शिका जेवढी वळेल तेवढीच प्रत्येक पुढची फ्रेम फिरवत न्यायची.

वक्रता फेकू नका, वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलता ठेवायला ती लागते. आपल्याकडचं सूत्र आहे e = V²/(225R): e म्हणजे कल, V ताशी किमीतला वेग, R मीटरमधली त्रिज्या. ताशी 30 किमी आणि 50 मीटर त्रिज्येला 8 टक्के येतात. मी छेद मधोमध फिरवला, तर आतली कड 28 सेंटीमीटर जमिनीत गेली. आतल्या कडेवर फिरवा, म्हणजे बाहेरची 56 सेंटीमीटर उचलली जाते. कल सांध्यावर हळूहळू शून्यातून जाऊ द्या, नाहीतर गाडी उडते.

हो, यूव्ही राहिलंच, म्हणजे टेक्स्चरचा कुठला भाग मेशवर कुठे बसतो ते. मी आधी स्प्लाइनचा 0 ते 1 जाणारा t थेट रस्त्याच्या लांबीकडचा v म्हणून दिला होता, त्यामुळे मधले पांढरे पट्टे कुठे लांबलचक, कुठे बुटके. मध्यरेषेवरचं अंतर बेरीज करत न्या आणि टेक्स्चरच्या लांबीने भागा. मग पट्टे वळणावरही सारखेच राहतात.

आणि हेअरपिनवर मध्यरेषेची त्रिज्या साडेतीन मीटरच्या खाली गेली, तर आतली कड स्वतःवरच दुमडते. तिथे छेद कमी करून काही होत नाही, स्प्लाइनचं वळणच मोठं घ्यावं लागतं.